१८५१ चा निस्तेज कोहिनूर: एका हिऱ्याच्या पैलूंचे प्रकरण

१ मे १८५१ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये भव्य जागतिक प्रदर्शन सुरू झाले आणि तेथील ज्या वस्तूभोवती सर्वांत मोठी गर्दी लोटली, तिनेच सर्वांत जास्त निराशा केली. ती वस्तू म्हणजे लोखंडी पिंजऱ्यात ठेवलेला कोहिनूर. तासन्‌तास रांगेत उभे राहून जवळ पोचलेल्यांना दिसला तो एक पाणीदार पण मंद दगड; ही साधी काच नाही यावर अनेकांचा विश्वास बसेना. संयोजकांनी आजूबाजूला गॅसचे दिवे लावले, नंतर भोवती कापड लावून अंधार केला, तेव्हा थोडी लकाकी आली. पण हिऱ्याचा लौकिक आणि प्रत्यक्ष दर्शन यांतील अंतर काही भरून निघाले नाही.

हिरा खरा होता, आणि आधुनिक मापाने तब्बल १९१ कॅरट, म्हणजे ३८.२ ग्रॅम वजनाचा होता. १८४९ मध्ये पंजाब खालसा झाल्यावर लाहोरच्या तोषाखान्यातून तो इंग्रजांच्या हाती आला, गव्हर्नर जनरल डलहौसी यांनी तो स्वतः मुंबईपर्यंत आणला आणि ६ एप्रिल १८५० रोजी ‘मेडिया’ या युद्धनौकेवरून तो मुंबईच्या बंदरातून इंग्लंडला रवाना झाला. या प्रवासात त्याला काही झाले नव्हते. लाहोरात रणजितसिंहांच्या बाजूबंदात डोळे दिपवणारा म्हणून वर्णिलेला दगड लंडनमध्ये फिका का पडला, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर दगडाच्या शुद्धतेत कमी आणि त्याच्या भूमितीत जास्त सापडते.

कोहिनूरचा तेव्हाचा घाट मुघल पद्धतीचा होता: तळ सपाट, वर घुमटासारखा उंचवटा आणि त्या उंचवट्यावर अनेक लहान पैलू. या पद्धतीत कारागिराचा पहिला हेतू वजन राखणे हा असे. मूळ खड्याचा आकार जसा असेल तसा ठेवून दोष झाकतील एवढेच पैलू पाडायचे, कारण मोठा दगड हेच वैभव मानले जाई. यात कौशल्याचा अभाव मुळीच नव्हता. अपेक्षाच वेगळी होती. परंतु सपाट तळाचा हिऱ्याच्या चमकेशी जो उभा दावा आहे, तो समजण्यासाठी आधी प्रकाश हिऱ्यात शिरून काय करतो ते पाहावे लागेल.

हिऱ्याचा अपवर्तनांक पिवळ्या प्रकाशासाठी २.४१७ आहे. याचा अर्थ प्रकाशाचा वेग निर्वातात जेवढा असतो त्याच्या साधारण ४१ टक्केच हिऱ्याच्या आत असतो, आणि हवेतून हिऱ्यात शिरणारा किरण स्तंभिकेकडे, म्हणजे पृष्ठभागावरील लंब रेषेकडे, जोराने वाकतो. उलट्या दिशेने, हिऱ्यातून हवेत बाहेर पडू पाहणारा किरण स्तंभिकेपासून दूर वाकतो. आतील आपतन कोन, म्हणजे आदळणारा किरण स्तंभिकेशी करतो तो कोन, वाढत गेला तर एका टप्प्यावर बाहेरचा किरण पृष्ठभागाला चाटून जातो आणि त्यापुढे तो बाहेर पडूच शकत नाही. सगळाच्या सगळा प्रकाश आत परततो. हा टप्पा म्हणजे क्रांतिक कोन. ज्या कोनाचा साइन १ भागिले २.४१७ इतका भरतो तो हा कोन, आणि त्याचे मूल्य येते २४.४ अंश. नेहमीच्या काचेचा अपवर्तनांक १.५२ धरला तर तिचा क्रांतिक कोन ४१.१ अंश येतो.

या दोन आकड्यांतील फरक कागदावर दिसतो त्याहून मोठा आहे. पृष्ठभागाच्या आतल्या बाजूला उभे राहून बाहेर पडायचा मार्ग शोधणाऱ्या किरणाची कल्पना केली, तर त्याला स्तंभिकेभोवतीच्या एका शंकूतूनच सुटता येते. हिऱ्यात हा सुटकेचा शंकू सर्व शक्य दिशांच्या जेमतेम ९ टक्के दिशा व्यापतो, तर काचेत सुमारे २५ टक्के. त्यामुळे हिऱ्यात एकदा शिरलेला किरण कोणत्याही पैलूवर वाटेल तसा आदळला तरी तो परतण्याचीच शक्यता जास्त असते.

यावरून बऱ्याचदा असा निष्कर्ष काढला जातो, अगदी शाळेच्या उत्तरपत्रिकांतूनही, की क्रांतिक कोन लहान असल्यामुळे प्रकाश हिऱ्यात अडकतो आणि म्हणून हिरा चमकतो. हे अर्धेच खरे आहे. कोहिनूर याच पदार्थाचा होता, त्याचा क्रांतिक कोनही २४.४ अंशच होता, आणि तरी तो चमकत नव्हता. अडचण अशी की, जो नियम प्रकाशाला बाहेर पडू देत नाही, तोच नियम त्याला आत शिरताना वाकवतो. सपाट पृष्ठभागावर किरण कितीही तिरपा आला, अगदी पृष्ठभागाला चाटत आला, तरी आत गेल्यावर तो स्तंभिकेशी २४.४ अंशांपेक्षा जास्त कोन करूच शकत नाही. आता समोरचा पृष्ठभाग पहिल्याला समांतर असेल, तर त्या दुसऱ्या पृष्ठभागावरही हा किरण २४.४ अंशांच्या आतच आदळेल आणि बाहेर निघून जाईल. समांतर तोंडे असलेल्या हिऱ्याच्या पातळ चकतीत वरून येणारा एकही किरण अशा रीतीने पूर्ण परावर्तित होऊ शकत नाही. अपवर्तनांक २.४ असो की १.५, चकती म्हणजे खिडकीच.

कोहिनूरचा सपाट तळ ही या खिडकीची एक बाजू होती. घुमटाच्या माथ्यावरचे पैलू तळाला जवळजवळ समांतर असल्यामुळे तेथून शिरणारा प्रकाश थेट खाली निघून जाई. बाजूच्या उतरत्या पैलूंचे काय, हे एका सोप्या हिशोबाने पाहता येते. सरळ वरून येणारा किरण तळाशी ३० अंशांचा कल असलेल्या पैलूवर पडला, तर आत तो वाकून तळावर सुमारे १८ अंशांनी आदळतो. १८ हा कोन २४.४ पेक्षा लहान, म्हणजे किरण गेला. कल ४५ अंशांचा असेल तर तोच किरण तळावर २८ अंशांनी आदळतो आणि पूर्ण परावर्तित होऊन समोरच्या उतारातून वर येतो. सीमारेषा साधारण ४० अंशांच्या कलावर आहे. म्हणजे सपाट तळाच्या घुमटात केवळ कडेचे, चांगले उभे पैलू प्रकाश परत देतात. मधला सारा पसरट भाग, जो पाहणाऱ्याच्या डोळ्यासमोर सर्वांत मोठा दिसतो, तो प्रकाश खाली सांडत राहतो.

जी लकाकी दिसत होती ती मुख्यतः वरच्या पृष्ठभागावरून थेट परतणाऱ्या प्रकाशाची. हिऱ्याच्या पृष्ठभागावर सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे १७ टक्के बाहेरच्या बाहेर परावर्तित होतो. काचेवर हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास असते. हिऱ्याला जी धातूसारखी कठीण झळाळी असते ती यामुळे, आणि तिला आतल्या पैलूंची गरज लागत नाही. उरलेला ८३ टक्के प्रकाश मात्र आत जातो, आणि त्याचे पुढे काय करायचे हे पैलू ठरवतात.

येथे प्रदर्शनाच्या इमारतीलाही थोडा दोष द्यावा लागेल. ‘क्रिस्टल पॅलेस’ ही काचेची प्रचंड वास्तू होती आणि दिवसा तेथे सर्व बाजूंनी सारखा उजेड भरलेला असे. हिऱ्याची लखलख ही उजेड आणि काळोख यांच्या शेजारावर अवलंबून असते: एक पैलू दिव्याचे प्रतिबिंब दाखवत असताना त्याच्या शेजारचा काळा दिसला पाहिजे. सगळीकडून सारखाच प्रकाश आला तर चांगला कापलेला हिराही दुधी दिसतो. ढगाळ दुपारी दुकानाबाहेर आणून पाहिलेला हिरा आणि दुकानातल्या बारीक दिव्यांखालचा तोच हिरा यांत ग्राहकाला जो फरक जाणवतो तो हाच. लाहोरच्या दरबारात मशालींच्या हलत्या ज्योतींत कोहिनूर जास्त जिवंत दिसला असल्यास नवल नाही, आणि लंडनमध्ये कापड लावल्यावर थोडी सुधारणा झाली तीही याचमुळे. पण तळ होता तेथेच होता.

व्हिक्टोरिया राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी हा दगड पुन्हा कापून घ्यायचे ठरवले. प्रकाशविज्ञानातले मोठे नाव असलेले डेव्हिड ब्रूस्टर यांनी तो तपासला आणि त्यांना आत सूक्ष्म पोकळ्या आढळल्या, म्हणजे काम जोखमीचे होते. अ‍ॅमस्टरडॅमच्या कोस्टर यांच्या कारखान्यातून दोन कारागीर लंडनला आणले गेले, वाफेच्या इंजिनावर फिरणारी चकती उभारली गेली आणि जुलै १८५२ मध्ये पहिला पैलू लावण्याचा मान ८३ वर्षांच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांना देण्यात आला. हेच ते आर्थर वेलस्ली, ज्यांनी १८०३ मध्ये असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढाई दिली होती. ३८ दिवसांच्या घासकामानंतर खडा उरला १०५.६ कॅरटचा, म्हणजे २१.१२ ग्रॅमचा. जवळजवळ ४५ टक्के हिरा धूळ होऊन चकतीवर गेला होता, आणि अल्बर्ट यांना ही घट मनापासून खुपली असे सांगतात.

एवढे देऊन काय मिळवायचे होते? सपाट तळ काढून त्या जागी खाली निमुळता होत जाणारा भाग, ज्याला हिरेबाजारात पॅव्हेलियन म्हणतात, तो तयार करायचा होता. वरच्या उतरत्या भागाला क्राउन, त्याच्या माथ्यावरच्या मोठ्या सपाट पैलूला टेबल, दोहोंमधील कडेला गर्डल आणि खालच्या टोकाला टेकवलेल्या बारीक पैलूला क्युलेट म्हणतात. १८५२ मधल्या कारागिरांकडे या भागांचे प्रमाण ठरवणारे गणित नव्हते. ते डोळ्याने आणि परंपरेने काम करीत. गणित १९१९ मध्ये आले, अँटवर्पच्या हिरेकारागीर घराण्यातल्या मार्सेल टोलकोव्स्की या तरुण अभियंत्याने ते मांडले. गोल ब्रिलियंट घाटासाठी त्यांनी पॅव्हेलियनचा कल ४०.७५ अंश, क्राउनचा ३४.५ अंश आणि टेबलाची रुंदी व्यासाच्या ५३ टक्के अशी मापे काढली. आजचे घाट यात थोडेफार फेरफार करतात, पण पॅव्हेलियनचा कल फारसा हलत नाही. तो का हलत नाही हे एकाच किरणाचा माग काढला तर कळते.

समजा हा किरण टेबलावर सरळ वरून, कडेच्या जरा जवळ पडला. लंबरूप असल्याने तो न वाकता आत जातो आणि पॅव्हेलियनच्या डाव्या पैलूवर आदळतो. पैलूचा कल ४०.७५ अंश, म्हणून आपतन कोनही तितकाच, २४.४ पेक्षा बराच मोठा, तेव्हा पूर्ण आंतरिक परावर्तन होते. आता किरण जवळजवळ आडवा, क्षितिजापेक्षा ८.५ अंश वर चढत, उजव्या पैलूकडे जातो आणि तेथे ५७.७५ अंशांनी आदळतो. पुन्हा पूर्ण परावर्तन. या दुसऱ्या वळणानंतर तो वर निघतो, उभ्या रेषेपासून १७ अंश बाहेर झुकलेला. हा १७ अंशांचा आकडा महत्त्वाचा आहे, कारण तो २४.४ च्या आत आहे. लहान क्रांतिक कोन खालच्या दोन पैलूंवर आपल्या बाजूने होता. वरच्या बाजूला मात्र तोच आडवा येऊ शकतो, आणि किरण बाहेर पडावा असे वाटत असेल तर त्याला सुटकेच्या अरुंद शंकूतच नेऊन सोडावे लागते.

पॅव्हेलियन उथळ केला तर नेमके हेच चुकते. दोन परावर्तनांनंतर किरण उभ्या रेषेपासून किती झुकेल हे १८० वजा पॅव्हेलियनच्या कलाची चौपट असे निघते. कल ३८ अंश घेतला तर झुकाव २८ अंश होतो. टेबलावर तो किरण आतूनच परततो, पुन्हा खाली जातो आणि बहुधा तळाच्या एखाद्या पैलूतून निसटतो. सीमा येते ३८.९ अंशांवर. उलट दिशेने कल ४५ अंशांपर्यंत वाढवला तर झुकाव शून्य होतो, किरण आला त्याच दिशेने परत जातो. ऐकायला हे उत्तम वाटते, पण हिऱ्याकडे वरून पाहणाऱ्याच्या दृष्टीने ते वाईट आहे: त्या दिशेला पाहणाऱ्याचे स्वतःचे डोके असते, आणि डोक्यातून प्रकाश येत नाही. अशा खोल हिऱ्याचे मध्य काळे दिसते. चांगला कल या दोन चुकांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात बसवावा लागतो, आणि तेथे एका अंशाचा फरकही डोळ्याला जाणवतो.

आपला किरण वर येताना बाहेरच्या बाजूला झुकलेला असल्याने तो बहुतेक वेळा टेबलाऐवजी उजव्या बाजूच्या क्राउन पैलूला गाठतो. त्या पैलूचा कल ३४.५ अंश असल्याने आपतन कोन १७.५ अंश भरतो आणि बाहेर पडताना किरण स्तंभिकेशी सुमारे ४६.६ अंशांचा कोन करतो. परिणामी तो उभ्या रेषेपासून केवळ १२ अंश, आणि आता आतल्या बाजूला, झुकून निघतो. टेबलातून बाहेर पडला असता तर तोच किरण ४५ अंश तिरपा जाऊन डोळा चुकवून गेला असता. क्राउन पैलूचे पहिले काम हे: प्रकाश परत पाहणाऱ्याकडे वळवणे.

दुसरे काम रंगाचे. हिऱ्याचा अपवर्तनांक लाल प्रकाशासाठी २.४०७ आणि जांभळ्यासाठी २.४५१ असा वेगवेगळा आहे. टेबलातून सरळ शिरताना रंग वेगळे झाले नव्हते, कारण लंबरूप किरण वाकतच नाही. पण क्राउन पैलूतून तिरपे बाहेर पडताना लाल किरण ४६.४ अंशांनी आणि जांभळा ४७.५ अंशांनी निघतो. फरक १.१ अंशाचा. डोळा ३० सेंटीमीटरवर असेल तर हा पंखा तेथे सुमारे ६ मिलिमीटर रुंद झालेला असतो, आणि उजेडात बाहुलीचे छिद्र त्याहून लहान असते. म्हणून डोळ्यात पूर्ण पंखा शिरत नाही, एकच रंग शिरतो: अंगठी किंचित हलली की त्या पैलूत लालऐवजी हिरवा, मग निळा. अपस्करण, म्हणजे रंगांची ही फाकणी, थोडे असले किंवा बाहेर पडण्याचा कोन लहान असला तर सगळे रंग एकाच वेळी डोळ्यात जाऊन पुन्हा पांढरे होतात.

हाच घाट काचेत कापला तर पहिल्याच पायरीवर काय होते ते पाहण्यासारखे आहे. काचेचा क्रांतिक कोन ४१.१ अंश आणि पॅव्हेलियनवरचा आपतन कोन ४०.७५ अंश, केवळ एक तृतीयांश अंशाने किरण हुकतो आणि खालून निघून जातो. काचेचा तुकडा टेबलाची बाजू खाली करून छापील ओळीवर ठेवला तर बऱ्याचदा अक्षरे दिसतात, चांगल्या कापलेल्या हिऱ्यातून ती दिसत नाहीत. हिरा ओळखण्याची परीक्षा म्हणून हे सांगितले जाते, पण तिच्यावर भिस्त ठेवू नये: उथळ कापलेल्या खऱ्या हिऱ्यातून अक्षरे दिसू शकतात, आणि आपण ज्याला अमेरिकन डायमंड म्हणतो त्या झिर्कोनियाचा अपवर्तनांक २.१६ च्या आसपास असल्याने त्यातून ती सहसा दिसत नाहीत. ही परीक्षा घाट सांगते, पदार्थ नव्हे.

रोज वापरातल्या अंगठीचे तेज कमी होते तेही याच हिशोबाने. खालच्या पैलूंवर साबण, तेल, पीठ यांचा थर बसला की हिऱ्याच्या पलीकडे हवा राहत नाही. तेलाचा अपवर्तनांक १.५ धरला तर हिरा-तेल सीमेवरचा क्रांतिक कोन २४.४ वरून ३८.४ अंशांवर चढतो. सरळ आलेला किरण ४०.७५ वर अजून कसाबसा वाचतो, पण थोडे तिरपे आलेले कितीतरी किरण तेलात शिरतात. अशी अंगठी वरून कितीही पुसली तरी फरक पडत नाही. कोमट साबणपाण्यात मऊ ब्रशने खालची बाजू धुवावी लागते.

आता कोहिनूरकडे परत येऊ, कारण १८५२ चा उपाय पुरा लागू पडला असे म्हणता येत नाही. नव्या खड्याची लांबी ३.६, रुंदी ३.२ आणि उंची १.३ सेंटीमीटर आहे. ३.२ सेंटीमीटर रुंदीला ४०.७५ अंशांचा पॅव्हेलियन टोकापर्यंत न्यायचा तर एकट्या पॅव्हेलियनलाच १.३८ सेंटीमीटर खोली लागते. ती संपूर्ण दगडाच्या उंचीपेक्षा जास्त आहे, आणि क्राउन अजून मोजलेलाच नाही. मूळ दगड पसरट होता, आणि चकती उंची वाढवू शकत नाही. कारागिरांपुढे मग तीन मार्ग उरतात: रुंदी आणखी घटवायची आणि आणखी कॅरट गमवायचे, पैलू उथळ करायचे, किंवा कल राखून खालचे टोक छाटून टाकायचे. ४५ टक्के वजन आधीच जात असताना पहिल्या मार्गावर आणखी पुढे जाण्याचे धाडस कोणी केले नसते. प्रत्यक्ष दगडावर तिसऱ्या मार्गाची खूण स्पष्ट दिसते: त्याचा क्युलेट नेहमीपेक्षा खूपच रुंद आहे.

आणि रुंद क्युलेट म्हणजे टेबलाला समांतर असा सपाट पैलू. जुन्या कोहिनूरची खिडकी बरीच लहान झाली, पण अगदी मध्यभागी ती उरलीच. टॉवर ऑफ लंडनमध्ये आज हा हिरा एलिझाबेथ राजमातेच्या मुकुटात बसवलेला आहे. कडेच्या पैलूंत प्रकाश खेळतो, मात्र समोरून पाहिले तर ऐन केंद्रात एक काळे छिद्र असल्यासारखे वाटते. तेथे छिद्र नाही. तेथून शिरणारा प्रकाश २४.४ अंशांच्या आत राहून खालच्या सपाट पैलूतून निघून जातो, आणि पाहणाऱ्याला दिसतो तो हिऱ्याच्या मागचा अंधार.